खांद्याच्या कंडरेची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले: हात आता दुसऱ्याने हलवायचा की आप्पांनी स्वतः?

गंगावेशची_लेक | १२ जून, रात्री ९.४०

माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. आमच्या चार म्हशी आहेत आणि कोल्हापुरात गंगावेशच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याचे काम आप्पा तीसहून अधिक वर्षे करत आले आहेत. एप्रिलमध्ये वरातीच्या फटाक्यांनी म्हैस बुजली. दावे आप्पांच्या उजव्या मनगटाला गुंडाळलेले होते, त्यामुळे हात खांद्यातून जोरात ओढला गेला. एमआरआयमध्ये रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या कंडरांचा पट्टा, फाटल्याचे दिसले आणि ८ मे रोजी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली.

आता माझ्यासमोर दोन कागद आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर ‘सहा आठवडे उशीचा पट्टा, तोपर्यंत फक्त पॅसिव्ह हालचाल’ असे लिहिले आहे, म्हणजे आप्पांनी जोर न लावता हात दुसऱ्याने हलवायचा. घराजवळचे फिजिओथेरपिस्ट मात्र खांदा आखडू लागल्याचे सांगतात. त्यांनी या आठवड्यापासून दारावर दोरी-पुली, भिंतीवर बोटे चढवणे आणि पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरून कोपर वाकवणे असे तीन व्यायाम लिहून दिले आहेत. आप्पांना आता जवळजवळ दुखत नाही, त्यामुळे त्यांना दुसरा कागद अधिक आवडला आहे. मी कोणता कागद मानावा?

लाल_माती | १२ जून, रात्री १०.०५

ताई, दुसरा कागद माना. माझा खांदा कुस्तीत निखळला होता. डॉक्टरांनी तीन आठवडे बांधून ठेवायला सांगितले होते, परंतु आमच्या वस्तादांनी दहाव्या दिवशी पट्टा सोडवून तेल लावले आणि हात फिरवायला सुरुवात केली. तालमीतल्या दुसऱ्या एका गड्याने दीड महिना हात गळ्यात बांधून ठेवला आणि पुढे वर्षभर त्याला पाठीमागे लंगोटाची गाठ मारता येत नव्हती. खांदा जेवढा बांधाल तेवढा तो गोठतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पंचगंगाकाठ | १२ जून, रात्री १०.११

निखळलेला सांधा आणि फाटलेली कंडरा हे दोन निराळे पैलवान आहेत. एकाचा डाव दुसऱ्याला लागू पडत नाही.

खांदेपालट | १२ जून, रात्री ११.२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली अठरा वर्षे प्रामुख्याने खांद्याचेच रुग्ण पाहतो. लाल_माती यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. बांधून ठेवलेला खांदा आखडतो, ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या बाबतीत हाड खोबणीतून बाहेर आले होते आणि ते परत बसवले गेले. आप्पांच्या बाबतीत हाडापासून सुटलेली कंडरा हाडात रोवलेल्या अँकरांनी आणि धाग्यांनी हाडावर दाबून बसवली आहे. ती हाडाला स्वतःच्या बळावर धरेपर्यंत तिचा सगळा भार धाग्यांवर आणि धागे जिथून ओवले आहेत तिथल्या कंडरेवर असतो. धागा सहसा तुटत नाही. कंडराच त्याच्यातून चिरत जाते, जसे ओल्या खव्यातून दोरा जातो.

दुखणे कमी होण्याचा आणि कंडरा जुळण्याचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. पहिल्या आठवड्यात त्या जागी सूज आणि रक्तपेशींची गर्दी असते. त्यानंतर पाच-सहा आठवडे नवीन धागेदार ऊती भरत जाते, पण तिच्यातले कोलाजेन बहुतांशी कच्च्या प्रकारचे असते आणि त्याचे तंतू वाटेल त्या दिशेने पसरलेले असतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास ते तंतू ताणाच्या दिशेने लागू लागतात, पक्क्या प्रकारचे कोलाजेन वाढू लागते आणि हे काम पुढे कित्येक महिने चालते. दुखणे मात्र सूज ओसरली की चौथ्या-पाचव्या आठवड्यातच उतरते. त्यामुळे रुग्णाला सर्वांत बरे वाटू लागते त्याच सुमारास जोड अजून कच्चा असतो. गुऱ्हाळात साच्यात भरलेली ढेप वरून घट्ट दिसते, पण बोट दाबले तर आत रुतते. पाचवा आठवडा म्हणजे ती वेळ.

पुढे काही सांगण्याआधी एक विनंती आहे. शस्त्रक्रियेची टीप, म्हणजे डिस्चार्ज कार्डवरचा ‘ऑपरेटिव्ह नोट्स’ हा भाग, शोधून त्यात काय लिहिले आहे ते येथे लिहा. कंडरा किती सेंटिमीटर फाटली होती, एक होती की दोन आणि तिच्याबरोबर आणखी काही केले का, हे कळल्याशिवाय कोणताच कागद बरोबर किंवा चूक ठरवता येणार नाही. तोपर्यंत बाटलीचा व्यायाम थांबवा.

निवृत्त_बाई | १३ जून, सकाळी ७.१५

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. मला मधुमेह आहे. माझ्या दोन कंडरा फाटल्या होत्या आणि फाटलेला भाग चार सेंटिमीटरच्या आसपास होता. माझ्या डॉक्टरांनी सहा आठवडे पॅसिव्ह हालचालसुद्धा करू दिली नाही. फक्त बोटे, मनगट आणि कोपर हलवायचे. तीन महिन्यांनी माझा हात समोरून जेमतेम खांद्याच्या वर जात होता आणि बाहेरच्या बाजूला तर जवळजवळ वळतच नव्हता. मी फळ्याकडे पाहून रडले होते, कारण वरची ओळ लिहिता येत नव्हती. (निवृत्त झाल्यावरही शिकवण्या चालू आहेत.) अकराव्या महिन्यात हात जवळपास पूर्ण वर जाऊ लागला आणि सोनोग्राफीत कंडरा शाबूत दिसली. ते आठ महिने मात्र फार जड गेले. लवकर हालचाल केली असती तर ते टळले असते का, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

खांदेपालट | १३ जून, सकाळी ८.०२

बाई, तुमच्या डॉक्टरांनी उघड्या डोळ्यांनी केलेला सौदा होता, असे मला वाटते. फाट मोठी असेल तर पुन्हा फाटण्याची भीती आखडण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरते. शस्त्रक्रियेनंतर आखडलेला खांदा सहसा वर्षाच्या आत मोकळा होतो. पुन्हा सुटलेली कंडरा मात्र आपोआप जागेवर येत नाही. सुरुवातीला ताठर राहिलेल्या खांद्यांत कंडरा जुळण्याचे प्रमाण उलट अधिक असते, असेही काही अभ्यासांत आढळले आहे. मधुमेहात मात्र ताठरपणा जास्त आणि जुळणी मंद, असे दोन्हीकडून नुकसान होते.

सांधा_मोकळा | १३ जून, सकाळी १०.४०

मीही याच व्यवसायात आहे, फक्त वयाने लहान आहे. वरच्या प्रतिसादांतून ‘सहा आठवड्यांपूर्वी स्वतः हात हलवला तर अनर्थ होतो’ असा समज होऊ नये. कॅनडातील यादृच्छिक चाचण्यांत काही रुग्णांना सहा आठवडे पट्ट्यात ठेवले आणि काहींना दुखणार नाही इतपत हात स्वतः हलवण्याची मुभा दिली. कंडरा जुळण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही आणि मुभा मिळालेल्यांची हालचाल सहाव्या आठवड्याला अधिक चांगली होती. आपण जुन्या भीतीपोटी रुग्णांना गरजेपेक्षा जास्त बांधून ठेवतो, असे माझे मत आहे.

खांदेपालट | १३ जून, दुपारी १.३०

त्या चाचण्या मीही वाचल्या आहेत आणि त्यांनी माझेही मत थोडे सैल केले आहे. पण त्यांत मुभा होती ती रिकाम्या हाताची आणि न दुखेल इतपतच. वजन उचलणे त्यात नव्हते. भिंतीवर बोटे चढवण्याची वीस-वीस आवर्तने, तीही रोज तीन वेळा, म्हणजे थकेपर्यंत केलेला व्यायाम झाला. दुखणार नाही इतपत चहाचा कप तोंडाशी नेणे आणि हे, या दोहोंत मी फरक करतो. त्या फिजिओने पुली ‘पॅसिव्ह’ म्हणून दिली असेल तर तेथेही एक अडचण आहे. स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजली की कागदावर पॅसिव्ह लिहिलेले व्यायाम प्रत्यक्षात किती पॅसिव्ह आहेत ते दिसते. झोपलेल्या रुग्णाचा हात दुसऱ्याने उचलला तर कफचे स्नायू जवळजवळ शांत असतात. रुग्ण बसून स्वतःच पुली ओढतो तेव्हा दुखऱ्या बाजूचे स्नायूही नकळत मदतीला येतात. ओणवे होऊन हात लोंबता ठेवून फिरवण्याच्या व्यायामातही वर्तुळ मोठे काढले किंवा हातात बाटली धरली तर तेच होते.

गंगावेशची_लेक | १३ जून, रात्री ९.१०

कार्ड सापडले. जसे लिहिले आहे तसे देते: उजवा सुप्रास्पायनेटस, पूर्ण जाडीची फाट, २ सेंमी, कंडरेची प्रत चांगली, डबल रो, चार अँकर, सबस्कॅप्युलॅरिस शाबूत, बायसेप्स टेनोडेसिस. शेवटचे दोन शब्द आम्हाला कोणीच समजावून सांगितले नव्हते. घराजवळच्या फिजिओंनी हे कार्ड मागितले नव्हते आणि आम्हीही दाखवले नव्हते. त्यांना फक्त एमआरआय दाखवला होता.

खांदेपालट | १३ जून, रात्री १०.२५

उत्तर त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. दंडाच्या पुढच्या स्नायूची एक लांब कंडरा खांद्याच्या सांध्यातून जाते. ती झिजलेली किंवा जागेवरून सरकलेली आढळली तर ती आतून कापून दंडाच्या हाडावर नव्या जागी बसवतात. आप्पांच्या खांद्यात म्हणूनच एक नव्हे, दोन जोड भरत आहेत, आणि बाटली धरून कोपर वाकवताना या दुसऱ्या जोडावर थेट ताण येतो. एमआरआय शस्त्रक्रियेपूर्वीचा असल्यामुळे त्यात हे दिसणे शक्यच नव्हते. कोपर दुसऱ्या हाताच्या आधाराने वाकवून सरळ करणे चालेल. वजन उचलून वाकवणे किंवा तळहात वर करून पेचकस पिळल्यासारखा जोर लावणे मी सहा आठवडे टाळतो आणि त्यानंतरही वजन हळूहळूच वाढवतो. आप्पांनी बाटलीचा व्यायाम किती दिवस केला, आणि दंडाच्या पुढच्या भागात अचानक कळ, निळसर डाग किंवा कोपराकडे सरकलेला गोळा असे काही दिसले का?

कफबद्दल, म्हणजे कार्डावरच्या सुप्रास्पायनेटसच्या कंडरेबद्दल, सांगायचे तर दोन सेंटिमीटरची, अपघाताने फाटलेली, चांगल्या प्रतीची कंडरा ही मध्यम आकाराची आणि आशादायक केस आहे. अशा ठिकाणी मी पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून पॅसिव्ह, सहाव्यानंतर आधार घेऊन स्वतः, आठव्याच्या सुमारास बिनआधाराने आणि बाराव्यानंतर ताकदीचे व्यायाम असा क्रम ठेवतो. तुमच्या डॉक्टरांचा कागदही असाच दिसतो.

पॅसिव्ह व्यायाम घरी तुम्हीच करून देऊ शकता, पण एकदा तुमच्या डॉक्टरांच्या फिजिओकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. आप्पांना उताणे निजवा आणि दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे कोपर पाठीच्या रेषेच्या मागे पडणार नाही. एक हात कोपराखाली आणि एक मनगटाखाली धरून हात समोर, किंचित बाहेरच्या दिशेने, सावकाश उचला. झोपलेल्या लेकराला उचलताना जसे वजन लागते तसे हाताचे पूर्ण वजन तुमच्या तळव्यावर आले पाहिजे. मध्येच हात हलका लागला तर समजा की आप्पा मदत करत आहेत. तेथेच थांबा, खाली आणा, श्वास सोडायला सांगा आणि पुन्हा उचला. खांदा कानाकडे चढू लागला तरी तेच करा. हात पाठीमागे नेणे मात्र आता अजिबात नको, कारण त्या स्थितीत दुरुस्त केलेली कंडरा सर्वांत जास्त ताणली जाते.

लाल_माती | १३ जून, रात्री १०.५०

झोपलेल्या लेकरासारखा हात सैल सोडणे हे पैलवानाला या जन्मी जमायचे नाही. बाकी माझा मुद्दा मी मागे घेतो, तेलाचा सोडून.

जनावरांचा_डॉक्टर | १४ जून, सकाळी ६.३०

मी पशुवैद्य आहे, म्हणून एक बाजूची माहिती देतो. कंडरा हाडाला कितपत धरते हे माणसात मोजता येत नाही, कारण त्यासाठी ती तुटेपर्यंत ओढून पाहावी लागते. ते मोजले गेले ते मेंढ्यांत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुरुस्त केलेल्या कंडरेची ताकद निरोगी कंडरेच्या तुलनेत सहा आठवड्यांना सुमारे ३० टक्के, तीन महिन्यांना सुमारे ५० टक्के आणि सहा महिन्यांना सुमारे ८० टक्के होती. मेंढी त्या पायावर चालते, माणूस हातावर चालत नाही. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे माणसाला लावू नयेत. पण सहा आठवडे ही रेघ कुठून आली आणि तिच्यानंतरही इतके महिने सांभाळायला का सांगतात, ते यावरून लक्षात येते.

मूळच्या जोडात कंडरा, मऊ कूर्चा, कठीण कूर्चा आणि हाड असे थर एकमेकांत मिसळत गेलेले असतात. दुरुस्तीनंतर ते थर पुन्हा तसे तयार होत नाहीत. व्रणाच्या ऊतीनेच काम भागवले जाते.

गंगावेशची_लेक | १४ जून, रात्री ८.४५

बाटलीचा व्यायाम तीन दिवस झाला होता. कळ, डाग किंवा गोळा नाही. आज डॉक्टरांना फोनवर सगळे सांगितले. त्यांनी तिन्ही व्यायाम बंद करायला सांगितले आणि २६ जूनला बोलावले आहे. घराजवळच्या फिजिओंना कार्ड नेऊन दाखवले तेव्हा त्यांनीही लगेच ‘हे आधी का दाखवले नाही’ असे विचारले. त्यांचा राग मला रास्त वाटला.

मी हात उचलून पाहिला. पहिल्या वेळी हात कापसासारखा हलका लागला, म्हणजे सगळे वजन आप्पाच उचलत होते. ‘सोडा’ म्हटले की ते आणखी घट्ट धरत. शेवटी मी म्हशींचा विषय काढला, ते बोलण्यात रमले आणि हात एकदम जड झाला.

खांदेपालट | १४ जून, रात्री ९.००

ही युक्ती माझ्या क्लिनिकमध्ये वापरणार आहे.

निवृत्त_बाई | २७ जून, सकाळी ७.३०

काल दाखवायला जायचे होते ना? काय झाले?

गंगावेशची_लेक | २७ जून, रात्री ९.२०

सात आठवडे झाले. पॅसिव्ह हालचाल समोरून १२५ अंश आणि बाहेरच्या बाजूला ३५ अंश भरली. डॉक्टर म्हणाले की खांदा थोडा ताठ आहे, पण काळजी करण्यासारखा नाही. पट्टा काढला. आता टेबलावर फडके ठेवून दोन्ही हातांनी ते पुढे सरकवायचे आणि उताणे झोपून काठी दोन्ही हातांनी वर न्यायची, म्हणजे चांगला हात दुखऱ्या हाताला नेईल. सोनोग्राफी आता नको, कारण इतक्या लवकर नवी ऊती आणि फाट यांत फरक करणे कठीण जाते, असे ते म्हणाले.

आता आप्पांचा एकच प्रश्न आहे: धार कधी काढायची?

सांधा_मोकळा | २७ जून, रात्री १०.१५

धार काढताना हात खांद्याच्या वर जात नाही, जोर मुठीत असतो. माझ्या मते नवव्या-दहाव्या आठवड्यात हरकत नसावी.

बावड्याचा_शेतकरी | २८ जून, पहाटे ५.५०

आपण धार काढलेली दिसत नाही. उकिडवे बसून बादली गुडघ्यांत धरली की दोन्ही हात पुढे ताणलेले राहतात आणि दंडाला आधार कशाचाच नसतो. एका म्हशीला सात-आठ मिनिटे, म्हणजे चार म्हशींना अर्धा तास तसेच. शिवाय खरा धोका ओढण्याचा नाही. म्हशीने लाथ झाडली की माणूस विचार न करता बादली वाचवायला हात घालतो. त्या एका झटक्याचे काय?

जनावरांचा_डॉक्टर | २८ जून, सकाळी ६.४०

यात भर घालतो. म्हशीच्या सडाचे तोंड गाईपेक्षा घट्ट असते, त्यामुळे मुठीचा आणि दंडाचा जोर जास्त लागतो.

खांदेपालट | २८ जून, सकाळी ८.१०

शेतकरी बरोबर बोलत आहेत. हात पुढे धरून ठेवायचा म्हणजे कफला अर्धा तास सतत काम, आणि मूठ घट्ट आवळली की कफचे स्नायू आपोआप आणखी ताठतात. बारा आठवड्यांपूर्वी मी नको म्हणेन. त्यानंतर आधी रबरी पट्टीने कोपर अंगाशी ठेवून बाहेर-आत वळवण्याचा व्यायाम तीन-चार आठवडे, मग एकच शांत म्हैस आणि तीही डाव्या हाताने सुरुवात करून. भरलेली कॅन उचलणे आणि दावे धरणे सहा महिन्यांपर्यंत दुसऱ्या कोणाकडे द्या. पुन्हा फाटण्याच्या बहुतेक घटना पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच घडतात.

लक्ष ठेवायची खूण अशी: दुसऱ्याने उचलला तर हात पूर्वीइतकाच वर जातो, पण स्वतः जेवढा उचलता येत होता तेवढा एकाएकी उचलता येईनासा झाला. ताठरपणात दोन्ही हालचाली सारख्याच अडतात. फाटण्यात फक्त स्वतःची हालचाल जाते. मात्र काही वेळा कंडरा काहीही लक्षण न दाखवता सुटते आणि रुग्ण समाधानी असतो, हेही मी पाहिले आहे.

सांधा_मोकळा | २८ जून, सकाळी ९.००

धारेबद्दलचे माझे मत बदलले. लवकर हालचालीबद्दलचे बदललेले नाही.

गंगावेशची_लेक | ७ ऑगस्ट, रात्री ९.३०

तेरा आठवडे पूर्ण झाले. कालच्या सोनोग्राफीत कंडरा हाडाला सलग लागलेली दिसली. आप्पा स्वतः हात १४० अंशांपर्यंत उचलतात. पाठीमागे अंगठा अजून कमरेच्या पट्ट्यापर्यंतच पोहोचतो. पिवळी रबरी पट्टी सुरू झाली आहे. कट्ट्यावर सध्या माझा भाऊ धार काढतो आणि आप्पा शेजारी खुर्ची टाकून त्याच्या चुका मोजतात. दावे भावाच्या मनगटाला गुंडाळलेले दिसले की ते खुर्चीवरून ओरडतात.